बेल कर्व्हमध्ये खालचं रेटिंग मिळालं: ते खरंच माझ्या कामाबद्दल असतं का?

सानिका_पुणे
आठ जणांची टीम आहे आमची. वर्षभर एकही डिलिव्हरी चुकली नाही, तरी मला ५ पैकी ४ मिळालं (आमच्याकडे १ सर्वांत वरचं). मॅनेजर म्हणाले, "काम चांगलं आहे, पण कर्व्हमध्ये कुणाला तरी बसवावं लागतं." शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला १ मिळालं आणि आता आम्ही धड बोलतही नाही. ठरावीक टक्के लोकांना खालचं रेटिंग द्यायचंच, ही पद्धत योग्य आहे असं कुणाला वाटतं का? आणि मी नोकरी सोडू का?

मंदार_डी
योग्य वाटणाऱ्यांपैकी मी एक. कर्व्ह नसताना काय होतं ते मी पाहिलंय. प्रत्येक मॅनेजर आपल्या सगळ्या माणसांना "उत्तम" देतो, कारण वाईट बातमी सांगायची हिंमत नसते. पगारवाढीचं बजेट मात्र ठरलेलं असतं. मग ते सगळ्यांना सारखं वाटलं जातं आणि ज्याने रात्री जागून प्रॉडक्शन सांभाळलं तो पुढच्या तिमाहीत राजीनामा देतो. जॅक वेल्च यांनी जीई कंपनीचे प्रमुख असताना तिथे वरचे २०, मधले ७० आणि खालचे १० टक्के अशी विभागणी केली, त्यामागे हाच विचार होता. मॅनेजरला स्पष्ट बोलायला भाग पाडणं.

जुना_डिलिव्हरीवाला
मंदार, रेटिंग फुगतात हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण त्यावरचा हा इलाज लहान टीमला लावला की गणितच बिघडतं. मी बरीच वर्षं नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे मॅनेजरनी दिलेली रेटिंग कर्व्हमध्ये बसवायच्या, बैठकांना बसलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

समजा ४० जणांचं युनिट आहे, आठ-आठच्या पाच टीम, आणि खरोखर कमी पडणारे चार जण आहेत. ते कुठल्याही टीममध्ये असू शकतात असं धरलं, तर एखाद्या टीममध्ये त्यांतला एकही नसण्याची शक्यता जवळजवळ ४० टक्के निघते. म्हणजे पाचांपैकी साधारण दोन टीममध्ये खालच्या रेटिंगला पात्र कुणी नसतंच. पण वरून "प्रत्येक टीममधून दहा टक्के" असा निरोप येतो. आठाचे दहा टक्के ०.८, ते पूर्ण करून होतो एक. त्यामुळे चाराऐवजी पाच नावं जातात आणि त्यांतली काही चुकीच्या टीममधून जातात.

आता ते एक नाव ठरतं कसं? नोटीस पीरियडवर कुणी असेल तर सगळ्यांना हायसं वाटतं, खालचं रेटिंग त्याच्या नावावर टाकून मोकळे होतात. तसं कुणी नसेल तर वर्षाच्या मध्यात प्रोजेक्ट बदललेला माणूस, कारण त्याच्या पहिल्या सहा महिन्यांबद्दल बोलायला खोलीत कुणी नसतं. बाळंतपणाच्या रजेवरून आलेली बाई, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचा मला आजही राग येतो. आणि नुकतं प्रमोशन झालेले. कर्व्ह बहुधा ग्रेडनुसार लावतात, म्हणून काल आपल्या ग्रेडमध्ये पहिला असलेला माणूस आज चार वर्षं मुरलेल्यांशी तोलला जातो. सानिका, तुमचं गेल्या वर्षी प्रमोशन झालं होतं का?

सानिका_पुणे
हो. गेल्या ऑक्टोबरमध्ये सीनियर झाले.

शिल्पा_नागपूर
ताई, लेखी हरकत घ्या. मी राज्य शासनाच्या सेवेत आहे. माझ्या गोपनीय अहवालातली प्रतवारी एका वर्षी घसरली होती. मी अभिवेदन दिलं आणि ती सुधारून मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सांगितलंय की अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, नुसती प्रतिकूल नव्हे. तुमच्या कंपनीलाही ते पाळावंच लागेल.

जुना_डिलिव्हरीवाला
शिल्पाताई, तो निर्णय सरकारी सेवेबद्दल आहे, खासगी कंपनीला तो तसाच लागू होत नाही. तिथे कंपनीचं स्वतःचं धोरण चालतं. पण लेखी विचारण्याचा तुमचा सल्ला अगदी बरोबर आहे, फक्त प्रश्न नेमके हवेत.

सानिका, मॅनेजरना दोन गोष्टी विचारा. नॉर्मलायझेशनला जाताना त्यांनी तुम्हाला काय रेटिंग दिलं होतं? आणि ते उतरवताना तुमच्या कुठल्या कामाचं नाव निघालं? आधी २ होतं आणि बैठकीत ४ झालं, पण त्यांना एकही काम सांगता येत नसेल, तर ते कोट्याचं रेटिंग आहे. उलट, सहामाही रिव्ह्यूच्या नोंदीतही हीच तक्रार असेल, समजा "डिझाइनची जबाबदारी घेत नाही", तर तेवढा भाग तुमचा आहे आणि तो मनावर घ्यायला हवा. बहुतेक वेळा थोडं हे, थोडं ते असतं. दोन्ही वेगळं केल्याशिवाय स्वतःबद्दल कसलाही निष्कर्ष काढू नका.

अनघा_टेस्टिंग
मला मैत्रिणीबद्दल लिहायचंय, कारण त्यावर कुणीच बोललं नाही. आमच्या टीममध्ये कर्व्ह आल्यावर पहिला परिणाम दिसला तो नव्या मुलांवर. त्यांना शिकवायला कुणी तयार होईना, कारण तो तास आपल्या खात्यात जमा होत नाही आणि शिकलेला मुलगा उद्या आपल्याच ग्रेडमध्ये स्पर्धक होतो. काम कळलेल्या लोकांनी टिपणं लिहिणं बंद केलं. चांगले डेव्हलपर एकाच टीममध्ये यायला नकार देऊ लागले. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये ही पद्धत काढून टाकली, तेव्हा तिथल्या लोकांच्या तक्रारी याच होत्या. सानिका, मैत्रिणीने तुझं काही हिरावलेलं नाही. तिला १ कुणी दिलं आणि तुला ४ कुणी दिलं, हे दोघींच्याही हातात नव्हतं. तिच्याशी आधी बोल, मॅनेजरशी नंतर.

मंदार_डी
लहान टीमचं गणित मान्य. कोटा टीमला न लावता दोन-तीनशेंच्या युनिटला लावावा, हे मीही म्हणेन. पण कर्व्ह पूर्ण काढला तर बजेट वाटायचं कसं, हे अजून कुणी सांगितलं नाही. ज्या कंपन्यांनी रेटिंगच काढलं, तिथे मॅनेजर मनातल्या मनात क्रम लावतातच. फक्त तो तुम्हाला दिसत नाही.

जुना_डिलिव्हरीवाला
मोठ्या युनिटला लावला तरी एक अडचण उरते. डायरेक्टर दोनशे माणसांचं काम पाहू शकत नाही. मग ज्याचा मॅनेजर बैठकीत ठासून बोलतो आणि क्लायंटची कौतुकाची मेल समोर ठेवतो, त्याची माणसं वर जातात. शांत मॅनेजरची टीम दरवर्षी खाली येते. शिवाय पहिल्या एक-दोन वर्षांत खरे कमकुवत लोक गेले, तरी तिसऱ्या वर्षीही दहा टक्के भरावेच लागतात. तेव्हा चांगली माणसं कापली जाऊ लागतात. बजेटचं तुमचं म्हणणं मात्र रास्त आहे, त्याला माझ्याकडे स्वच्छ उत्तर नाही.

सानिका_पुणे
मॅनेजरना विचारलं. त्यांनी मला २ दिलं होतं. ग्रेडमध्ये नवी म्हणून उतरवलं, कामाचं नाव सांगता आलं नाही. पण सहामाही नोंदीत "क्लायंट कॉलवर बोलत नाही" असं आहे, आणि ते खरं आहे. मग सोडू की थांबू?

अनघा_टेस्टिंग
माझं मत, शोध आजच सुरू कर. रेटिंग खाली गेलं की पुढचं प्रमोशन लांबतं आणि सलग दोनदा खाली गेलीस तर पीआयपी, म्हणजे ठरलेल्या मुदतीत काम सुधारून दाखवायचा तगादा, मागे लागतो. नवी कंपनी सहसा पगाराच्या स्लिपा आणि रिलीव्हिंग लेटर मागते, रेटिंगचं पत्र क्वचितच.

जुना_डिलिव्हरीवाला
मी थांबेन. पुढच्या वर्षी तुम्ही त्या ग्रेडमध्ये नव्या नसाल. मात्र एप्रिलच्या आत गोल्स लेखी घ्या, त्यात क्लायंट कॉलचा मुद्दा घाला आणि दर तिमाहीला मॅनेजरकडून मेलवर शेरा मागा. सप्टेंबरच्या रिव्ह्यूतही सूर तोच राहिला, तर अनघाचं ऐका.