लॉबीच्या टाइल्समधील 34 खोकी वेगळ्या शेडची : पुरवठादाराला पाठवायच्या पत्राबाबत

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. आठही मजल्यांच्या लॉबीसाठी मागवलेल्या टाइल्सची 120 खोकी परवा संध्याकाळी उतरली. आज सकाळी मिस्त्रींनी पहिल्या मजल्यावर सिमेंट न लावता नुसती कोरडी मांडणी करून पाहिली, तेव्हा एकाच रांगेत दोन रंग दिसू लागले. खोक्यांवरची लेबले वाचल्यावर कारण कळले. 86 खोक्यांवर शेड 12 छापलेले आहे आणि 34 खोक्यांवर शेड 15. बॅच क्रमांकही वेगवेगळे आहेत. याशिवाय शेड 12 च्या सात खोक्यांमध्ये मिळून 11 टाइल्सच्या कोपऱ्यांचे टवके उडाले आहेत. मिस्त्रींना काम थांबवायला सांगितले असून एकही टाइल चिकटवलेली नाही. पुरवठादाराला आजच पत्र जायला हवे, म्हणून मसुद्याविषयी सूचना कृपया येथेच द्याव्यात.

चौथ्या मजल्यावरील काका : सचिव साहेब, सूचना कसली, सगळा माल परत न्यायला सांगा आणि पैसे मागा. मी काढलेले फोटो खाली टाकले आहेत.

बांधकाम समितीतील ताई : काका, तुमचा राग मी समजू शकते, पण ‘सगळा माल खराब आहे’ असे लिहिले तर ते खोटे ठरेल आणि मग खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास उडेल. माझे कामच बांधकामाच्या मालाची तपासणी करण्याचे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्याकडे दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या एकाच वाक्यात कोंबल्या तर पुरवठादार सोप्या तक्रारीला उत्तर देऊन अवघड तक्रार बाजूला सारतो.

पहिली तक्रार शेडची. भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक उत्पादनफेरीत मातीचा, रंगाचा आणि तापमानाचा थोडा फरक पडतो. म्हणून कारखाना प्रत्येक बॅचला शेडचा क्रमांक देतो आणि तो खोक्यावर छापतो. शेड 15 ची टाइल स्वतंत्रपणे पाहिली तर तिच्यात काहीही दोष नाही. त्यामुळे ‘शेडमधला फरक नैसर्गिक असतो, तसे खोक्यावरच छापलेले आहे’ असे उत्तर येणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते. ते म्हणणे एका बॅचमधल्या फरकापुरते खरे आहे. आपली हरकत वेगळी आहे. आपल्या खरेदी आदेशात ‘संपूर्ण माल एकाच बॅचचा व एकाच शेडचा असावा’ असे वाक्य आहे. माल सदोष आहे की नाही, या वादात न शिरता ‘माल आदेशाप्रमाणे नाही’ एवढेच म्हणावे. ते त्यांच्याच लेबलांवरून सिद्ध होते.

दुसरी तक्रार टवक्यांची, आणि तिथे जपून बोलायला हवे. आयएसओ 13006 या मानकानुसार किमान 95 टक्के टाइल्सवर दिसण्याला बाधा आणणारा दोष नसावा, आणि दोष आहे की नाही हे एक मीटर अंतरावरून साध्या डोळ्यांनी पाहून ठरवले जाते. आपल्या 480 टाइल्सपैकी 11 म्हणजे अडीच टक्क्यांहूनही कमी होतात. आपण स्वतःहून मानकाचा आधार घेतला, तर तोच आकडा ते आपल्यापुढे करतील.

चौथ्या मजल्यावरील काका : म्हणजे फुटलेल्या टाइल्स आपण गप्प बसून ठेवून घ्यायच्या?

बांधकाम समितीतील ताई : अजिबात नाही. त्या कारखान्यात बिघडल्या की वाटेत, हे पाहायचे. कच्च्या टाइलची कड भाजण्यापूर्वी मोडली असेल तर मोडलेल्या जागेवरही चकाकीचा थर चढलेला दिसतो. मी या 11 टाइल्स हातात घेऊन पाहिल्या. मोडलेली जागा कोरी, खरखरीत आणि धारदार आहे. शिवाय सातही खोक्यांचा तोच कोपरा चेपलेला आहे. हा मार वाहतुकीत किंवा उतरवताना बसलेला आहे. त्यामुळे प्रश्न मालाच्या प्रतीचा उरत नाही, तर माल आपल्या दारात पोहोचेपर्यंत जबाबदारी कोणाची होती, एवढाच उरतो. आदेशात माल पोहोचवण्याची जबाबदारी त्यांच्याकडेच आहे.

खजिनदार : माल उतरला तेव्हा मी हजर होतो. चलनावर सही करताना मी ‘120 खोकी मोजून घेतली, सात खोक्यांचे कोपरे चेपलेले, आतील तपासणी बाकी’ असे हाताने लिहिले आहे आणि गाडीवाल्याचीही त्याखाली सही घेतली आहे. चलनाची प्रत पत्राला जोडतो.

बांधकाम समितीतील ताई : ही एक ओळ आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

आता फोटोंविषयी. काका, तुमच्या फोटोंत फ्लॅशचा चकाकता ठिपका आहे आणि एकाच टाइलचे इतक्या जवळून चित्र आहे की टवका नखाएवढा आहे की तळहाताएवढा, हे कळत नाही. शेडचा फरक दाखवायचा असेल तर दोन्ही शेडच्या चार-चार टाइल्स लॉबीत खिडकीजवळ शेजारी शेजारी ठेवा. त्यांच्यावर सरळ ऊन नको आणि दिवाही बंद असू द्या. मग उभे राहून फोटो काढा. दोन्ही रंग एकाच चौकटीत असायला हवेत, कारण वेगवेगळ्या फोटोंत कॅमेरा रंग आपल्या मनाने बदलतो. त्याच चौकटीत दोन्ही खोक्यांची लेबले वाचता येतील अशी उभी करा. टवक्याशेजारी फूटपट्टी ठेवा, आणि प्रत्येक टाइलबरोबर तिच्या खोक्याचा चेपलेला कोपराही येऊ द्या. शेवटी 34 खोक्यांच्या थप्पीचा एक फोटो असा काढा की त्यातली खोकी मोजता येतील.

सातव्या मजल्यावरील काकू : मी दुपारी हे फोटो काढते, माझा फोन चांगला आहे. काढून ग्रुपवर टाकू का?

बांधकाम समितीतील ताई : काकू, ग्रुपवर नेहमीसारखा फोटो टाकला की तो दाबला जाऊन लहान होतो आणि लेबलावरचे बारीक आकडे पुसट होतात. फोटो कधी काढला याची फाइलमधली नोंदही निघून जाते. म्हणून ‘डॉक्युमेंट’ हा पर्याय निवडून पाठवा आणि मूळ फोटो फोनमधून काढून टाकू नका. रिकाम्या खोक्यांची लेबलेही कोणी फेकू नयेत, ही सर्वांना विनंती.

खजिनदार : मागणी काय करायची, यावर माझे म्हणणे मांडतो. बिलाची तीस टक्के रक्कम अजून आपल्याकडे आहे. म्हणून नुकसानीची रक्कम रोख मागण्यापेक्षा त्या बिलाविरुद्ध क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम बिलातून वजा केल्याचा त्यांचा कागद, मागणे सोयीचे आहे. पूर्ण बिल दिलेले असते तर मी क्रेडिट नोटीला नको म्हटले असते, कारण आपण या पुरवठादाराकडून पुन्हा काही घेऊच असे नाही आणि मग ती नोट नुसती फाइलमध्ये पडून राहिली असती. मात्र त्यांची नोट येण्याआधी आपल्या मनाने बिलातून रक्कम कापू नये. तसे केले तर वाद मालाचा न राहता थकबाकीचा होईल.

सचिव : वरील चर्चेनुसार पत्र असे जाईल :

‘महोदय, आमच्या खरेदी आदेशानुसार आपण पाठवलेल्या 600 बाय 600 मिलिमीटर टाइल्सची 120 खोकी आम्हांस मिळाली. आदेशात संपूर्ण माल एकाच बॅचचा व शेडचा असावा अशी अट असताना, 86 खोकी शेड 12 ची व 34 खोकी शेड 15 ची आढळली असून दोन्हींमधील फरक दिवसाच्या उजेडात उभ्याने पाहता स्पष्ट दिसतो. तसेच सात खोक्यांतील एकूण 11 टाइल्सचे कोपरे वाहतुकीत फुटले असून त्या खोक्यांची नोंद पोहोचेच्या चलनावर आपल्या वाहनचालकाच्या सहीसह केलेली आहे. कोणतीही टाइल बसवलेली नाही आणि सर्व माल मूळ खोक्यांत, आपणांस केव्हाही पाहता येईल असा वेगळा ठेवला आहे. आपण 34 खोकी व फुटलेल्या टाइल्स त्याच बॅचच्या शेड 12 मध्ये बदलून द्याव्यात. त्या बॅचचा पुरेसा माल शिल्लक नसल्यास तसे लेखी कळवून संपूर्ण 120 खोकी एका बॅचमध्ये बदलून देण्याचा अथवा क्रेडिट नोटीचा प्रस्ताव सात दिवसांत द्यावा. सोबत नऊ छायाचित्रे, चलनाची व खरेदी आदेशाची प्रत जोडली आहे.’

बांधकाम समितीतील ताई : ‘त्याच बॅचच्या’ हे शब्द कोणत्याही परिस्थितीत गाळू नका. नुसते ‘34 खोकी बदलून द्या’ असे लिहिले असते तर शेड 17 ची नवी कोरी खोकी आली असती आणि आपल्याकडे दोनाऐवजी तीन रंग झाले असते.

*चार दिवसांनंतर*

सचिव : पुरवठादाराचे लेखी उत्तर आले आहे. अपेक्षेप्रमाणे पहिल्या परिच्छेदात शेडमधला फरक नैसर्गिक असल्याचे लिहिले आहे. दुसऱ्या परिच्छेदात मात्र आदेशातील अट मान्य केली आहे. त्या बॅचची फक्त नऊ खोकी त्यांच्या गोदामात उरली असून ती लगेच देण्याची तयारी आहे. संपूर्ण माल बदलायचा तर नव्या उत्पादनासाठी सहा आठवडे लागतील.

चौथ्या मजल्यावरील काका : 34 च्या बदल्यात नऊ? ही तर थट्टा झाली.

खजिनदार : काका, मलाही आधी तसेच वाटले, म्हणून कागद घेऊन बसलो. प्रत्येक मजल्याची लॉबी 20 चौरस मीटर आहे आणि कापाकापीची आठ टक्के घट धरून एका मजल्याला 15 खोकी लागतात. शेड 15 ची 30 खोकी दोन मजल्यांना पूर्ण पुरतात. उरलेल्या सहा मजल्यांना शेड 12 ची 90 खोकी हवीत. आपल्याकडे 86 आहेत, म्हणजे चार कमी. 11 फुटक्या टाइल्सच्या बदल्यात, एका खोक्यात चार या हिशेबाने, आणखी तीन खोकी लागतात. म्हणजे सात खोक्यांत काम भागते आणि ते नऊ देत आहेत.

बांधकाम समितीतील ताई : हिशेब बरोबर आहे, आणि दोन शेड एका मजल्यावर आल्या नाहीत तर फरक कोणालाही जाणवणार नाही, कारण दोन मजल्यांच्या लॉबी एकाच वेळी कोणी पाहत नाही. तरी जिन्यातून वर येताना सलग दिसावे म्हणून शेड 15 सर्वांत वरच्या दोन मजल्यांवर वापरावी असे मला वाटते. उरलेली दोन खोकी दुरुस्तीसाठी जपून ठेवू. पुढे एखादी टाइल फुटली तर ही बॅच बाजारात मिळणार नाही.

सातव्या मजल्यावरील काकू : वरच्या दोन मजल्यांत आमचा मजला आला. माझी हरकत नाही, फक्त आमच्याकडे एकही शेड 12 ची टाइल चुकून लागू नये.

खजिनदार : मग उत्तरात एवढेच लिहू की नऊ खोकी आम्ही स्वीकारतो, शेड 15 ची उरलेली चार खोकी व फुटक्या 11 टाइल्स आपण घेऊन जाव्यात, नऊपैकी सात खोकी त्यांच्या बदल्यात धरावीत, आणि आदेशाबाहेरच्या शेडची 30 खोकी आम्ही ठेवून घेत असल्याने त्यांच्या दरातली सवलत क्रेडिट नोटीत दाखवावी. वाढीव दोन खोक्यांचे पैसे आपण देऊ. ते मोफत मागणे बरोबर होणार नाही.

चौथ्या मजल्यावरील काका : हे मला मान्य आहे. पण माल परत नेताना त्यांच्या माणसाकडून पोच घ्या, नाहीतर चार खोकी कधी आलीच नव्हती असे म्हणतील.

सचिव : घेतो, काका. नऊ खोकी गाडीतून उतरवण्याआधी प्रत्येक लेबलावरचा बॅच क्रमांक आणि शेड खजिनदार वाचतील, मी चलनावर लिहीन, आणि मिस्त्री त्यानंतरच कामाला हात लावतील.