पुनरुज्जीवित पॉलिसी, तीन वर्षांची मुदत आणि फेटाळलेला दावा

पंचवटीकर : आमच्या सोसायटीतील एका बाईंचा, पतीच्या मृत्यूनंतरचा वीस लाखांचा विमा दावा कंपनीने फेटाळला. त्या गृहस्थांनी रक्तदाबाचा विकार लपवला होता. आता सगळे कंपनीला नावे ठेवत आहेत. खोटे लिहून खाली सही केली, तर पैसे कसे मिळणार? कायदा सरळ आहे, उगाच आयोगाच्या पायऱ्या झिजवू नयेत. माझे कुठे चुकते ते सांगा.

सिडकोवासी : ज्या बाईंविषयी आपण लिहिले आहे, ती माझी सख्खी बहीण आहे. सोसायटीच्या जिन्यात ऐकलेल्या गोष्टीवर निकाल देण्याआधी आपण एकदा तिच्या दारावरची घंटा वाजवली असती, तर हे लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

मेहुणे अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. पॉलिसी १८ ऑगस्ट २०२१ ची आहे. ऑगस्ट २०२२ चा हप्ता कारखान्यातील पगार रखडल्यामुळे भरता आला नाही आणि पॉलिसी बंद पडली. १० फेब्रुवारी २०२३ रोजी थकलेला हप्ता व्याजासह भरून, प्रकृती ठीक असल्याचे घोषणापत्र देऊन त्यांनी ती पुन्हा सुरू करून घेतली. पुढचा हप्ता वेळेवर गेला. ३ जुलै २०२४ रोजी पहाटे हृदयविकाराचा झटका आला आणि रुग्णालयात पोहोचल्यावर दोन तासांत ते गेले. २५ नोव्हेंबर २०२४ चे कंपनीचे पत्र म्हणते, की प्रस्तावपत्रात रक्तदाबाच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर होते आणि रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘पाच वर्षांपासून उच्च रक्तदाब’ अशी नोंद आहे, म्हणून दावा नामंजूर. ती नोंद त्या धावपळीत कोणाच्या सांगण्यावरून झाली, हे आजही आम्हाला कोणी सांगू शकलेले नाही. बहीण बाहेर बाकावर होती, मेहुणे शुद्धीवर नव्हते. भरलेले तीन हप्ते, म्हणजे तीन लाख छत्तीस हजार रुपये, तेही परत आलेले नाहीत. हा आपला सरळ कायदा आहे का?

सातपूरचा वाचक : सिडकोवासी, आपण निश्चिंत राहावे. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही, फसवणुकीच्या कारणानेही नाही. पॉलिसी ऑगस्ट २०२१ ची आणि पत्र नोव्हेंबर २०२४ चे, म्हणजे तीन वर्षे उलटून गेली. मृत्यू तीन वर्षांच्या आत झाला असला, तरी आक्षेप कधी घेतला तेच पाहायचे असते. हे प्रकरण इथेच संपते.

वकील, ग्राहक आयोग : सातपूरच्या वाचकांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि नेमके उरलेले अर्धे या कुटुंबाला अडचणीत आणणारे आहे.

मृत्यूची तारीख न धरता आक्षेपाची तारीख धरायची, हा मुद्दा योग्य आहे. जुन्या कलमात मुदत दोन वर्षांची होती, तेव्हाच्या १९६२ च्या मिठूलाल नायक निकालातील विमेदार दोन वर्षांच्या आत वारला होता आणि दावा त्यानंतर फेटाळला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने आक्षेपाच्या दिवसापर्यंतचा काळ मोजला. तीही पॉलिसी मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झालेली होती, तरी मोजणी मूळ पॉलिसीपासूनच झाली. परंतु २०१५ च्या दुरुस्तीने कलमाची भाषाच बदलली आहे. आता पॉलिसी देण्याचा दिवस, जोखीम सुरू होण्याचा दिवस, पुनरुज्जीवनाचा दिवस किंवा जादा संरक्षणाचा रायडर घेतल्याचा दिवस, यांपैकी जो सर्वांत नंतरचा असेल त्यापासून तीन वर्षे मोजतात. इथे तो दिवस १० फेब्रुवारी २०२३ आहे. म्हणजे कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत मुदत आहे आणि तिचे पत्र मुदतीत बसते. एका चुकलेल्या हप्त्यामुळे घड्याळ पुन्हा शून्यावर येते, हे हप्ता चुकवणाऱ्या बहुतेकांना ठाऊकच नसते.

मात्र मुदतीत पत्र आले म्हणजे दावा बुडाला, असे पंचवटीकरांना वाटत असेल तर तेही खरे नाही. पत्रात फसवणुकीचा आरोप आहे की केवळ माहिती दडवल्याचा, हे आधी पाहावे. फसवणुकीचा आरोप नसेल, तर पत्राच्या तारखेपासून नव्वद दिवसांत सगळे हप्ते परत करणे कंपनीवर बंधनकारक आहे. शिवाय ही माहिती आधी कळली असती तर आम्ही पॉलिसी दिलीच नसती, हे सिद्ध करण्याचा भार कलमाने कंपनीवर टाकला आहे.

पंचवटीकर : मी कोणाच्या दुःखावर बोललो नव्हतो, प्रश्न तत्त्वाचा आहे. २०२० च्या दलबीर कौर निकालात सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाच्याच नोंदींच्या आधारे दावा नाकारणे योग्य ठरवले. रक्तदाब आणि हृदयविकार यांचा संबंध शाळकरी मुलालाही कळतो. मग इथे वेगळा न्याय का?

वकील, ग्राहक आयोग : त्या प्रकरणात पॉलिसी ऑगस्ट २०१४ ची होती आणि मृत्यू पुढच्याच महिन्यात झाला. आजार त्याआधीपासून चालू होता, हे नोंदींवरून दिसत होते. इथे प्रस्ताव आणि मृत्यू यांत जवळपास तीन वर्षांचे अंतर आहे आणि पुरावा म्हणून एका ओळीची पूर्वेतिहासाची नोंद आहे. लिहिणाऱ्या डॉक्टरांचे शपथपत्र नाही, आधीच्या उपचाराचा एकही कागद नाही. अशी सुटी नोंद आयोगांनी अनेकदा अपुरी मानली आहे. तरीही आपल्या एका मुद्द्याला नाही म्हणता येणार नाही. २०१५ च्या मोटेगावकर निकालात मणक्याचा त्रास सांगितलेला नव्हता आणि मृत्यू हृदयविकाराने झाला, म्हणून दावा मंजूर झाला. तो आधार या कुटुंबाला मिळणार नाही, कारण इथे दडवलेला म्हणतात तो विकार आणि मृत्यूचे कारण एकमेकांशी जोडलेले आहेत.

निफाडचा द्राक्षबागायतदार : माझ्या बाबतीतही हेच झाले. मधुमेह सांगितला नाही म्हणून अँजिओप्लास्टीचे बिल नाकारले. मीही चार वर्षे हप्ते भरत होतो. मग कलम ४५ मलाही लागू व्हायला हवे, तरी मला कोणीच हे का सांगितले नाही?

वकील, ग्राहक आयोग : आपली पॉलिसी आरोग्य विम्याची आहे. कलम ४५ फक्त आयुर्विम्याला लागू होते. आरोग्य विम्यात सलग साठ महिने झाल्यानंतर माहिती दडवल्याचे कारण चालत नाही, मात्र तिथे सिद्ध झालेली फसवणूक अपवाद आहे.

निफाडचा द्राक्षबागायतदार : म्हणजे पुन्हा मीच मुदतीच्या अलीकडे अडकलो. ठीक आहे. पण माझा फॉर्म एजंटने भरला होता, मी फक्त सही केली, आणि त्याच्यावर कोणी बोट ठेवत नाही.

विमा प्रतिनिधी, नाशिक रोड : शेवटी सगळे आमच्यावरच येणार, हे मला ठाऊक होते. सतरा प्रश्न विचारले की ग्राहक म्हणतो, “तुम्हीच भरा, मला पाळीवर जायचे आहे.” तंबाखूविषयी विचारले तर बायकोसमोर ‘नाही’ म्हणतो आणि बाहेर आल्यावर पुडी उघडतो. आम्ही त्याच्या खिशात हात घालायचा का?

सिडकोवासी : माझ्या मेहुण्यांचा संपूर्ण फॉर्म इंग्रजीत आहे आणि सही मराठीत आहे. प्रत्येक आजारापुढे एकाच पेनाने, एकाच हाताने ‘नाही’च्या खुणा ओढलेल्या आहेत. त्यांना प्रश्न वाचून दाखवले होते, हे आपण छातीवर हात ठेवून सांगू शकाल का? कमिशन घेताना आपण कंपनीचे असता आणि दावा आला की ग्राहकाचे होता.

विमा प्रतिनिधी, नाशिक रोड : तो फॉर्म मी भरलेला नाही, तेव्हा मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका. मात्र एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे, म्हणून राग गिळून सांगतो. माझ्या कितीतरी ग्राहकांनी रक्तदाबाची गोळी चालू असल्याचे लिहून दिले. कंपनीने वैद्यकीय तपासणी करून घेतली, काहींना जादा हप्ता लावला आणि पॉलिसी दिली. गोळीने आटोक्यात असलेल्या रक्तदाबासाठी सरसकट नकार मिळत नाही.

वकील, ग्राहक आयोग : प्रतिनिधींनी सांगितलेली ही गोष्ट या प्रकरणात कळीची आहे. पॉलिसी दिलीच नसती आणि जादा हप्ता घेऊन दिली असती, या दोन्हींत फार अंतर आहे. त्या कंपनीचे जोखीम तपासण्याचे निकष आणि ते काम करणाऱ्या अधिकाऱ्याचे शपथपत्र मागावे.

प्रतिनिधींच्या वादाबद्दल मात्र दोन्ही बाजूंनी सावध राहावे. कलम ४५ च्या स्पष्टीकरणानुसार विमा विकणारी आणि त्याची बोलणी करणारी व्यक्ती, करार घडण्यापुरती, कंपनीचीच प्रतिनिधी मानली जाते. दुसरीकडे २०१९ च्या रेखाबेन राठोड निकालाने न वाचता सही केल्याची सबब सहसा चालत नाही असे सांगितले आहे. दोन्हींचा मेळ प्रत्येक प्रकरणाच्या पुराव्यावर ठरतो. इंग्रजी फॉर्मवर मराठी सही असेल, तर मजकूर समजावून सांगितल्याचे वेगळे निवेदन त्यावर असावे लागते. ते कोरे आहे की भरलेले, आणि खाली कोणाची सही आहे, हे पाहावे.

सिडकोवासी : निवेदनाच्या जागी प्रतिनिधीची सही आहे, पण भाषेच्या रकान्यात काहीच लिहिलेले नाही. आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, लपवण्यासारखे आमच्याकडे काही नाही. काल बहिणीला शालिमारजवळच्या एका डॉक्टरांची चिठ्ठी सापडली. त्यावर रक्तदाबाची पहिली गोळी मार्च २०२२ मध्ये लिहून दिलेली आहे आणि ‘नव्याने आढळला’ असे डॉक्टरांच्या हातचे शब्द आहेत. म्हणजे ऑगस्ट २०२१ चे ‘नाही’ हे उत्तर खरे होते. आपण ज्यांना खोटारडे ठरवले, त्यांनी खोटे लिहिले नव्हते, पंचवटीकर.

पंचवटीकर : प्रस्तावापुरते मी माझे शब्द मागे घेतो. पण मग फेब्रुवारी २०२३ च्या घोषणापत्राचे काय? त्या वेळी गोळी चालू होती आणि प्रकृती ठीक असल्याचे लिहून दिले होते.

सातपूरचा वाचक : चिठ्ठी दाखवलीच नाही तर?

वकील, ग्राहक आयोग : असला सल्ला इथे देऊ नये. शपथेवर तक्रार करायची आणि हाताशी असलेला कागद दडवायचा, यात संपूर्ण प्रकरणाची विश्वासार्हता जाते.

पंचवटीकरांचा प्रश्न योग्य आहे. फेटाळण्याची कारणे आणि त्यामागचे आधार लेखी कळवण्याचे बंधन कलमाने कंपनीवर घातले आहे. इथे पत्रात फक्त २०२१ च्या प्रस्तावाचा उल्लेख आहे, घोषणापत्राचा नाही. पत्रात नसलेले कारण विमा कंपनीने नंतर बचावात आणू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात सांगितले आहे. तो वाद मालमत्तेच्या विम्याचा होता, तरी तत्त्व इथे मांडता येईल. अडचण अशी, की चिठ्ठी दाखल झाली की पहिले कारण ढासळेल आणि १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत कंपनी घोषणापत्राचे कारण देऊन नवे पत्र पाठवू पाहील. एकदा फेटाळलेला दावा अशा रीतीने दुसऱ्यांदा फेटाळता येतो का, यावर मी आयोगासमोर जोरदार हरकत घेईन, पण ती मान्य होईलच असा शब्द देणार नाही. तेव्हाही आटोक्यात असलेल्या रक्तदाबामुळे पुनरुज्जीवन नाकारले असते, हे कंपनीलाच दाखवावे लागेल.

आता क्रम असा ठेवावा. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून प्रस्तावपत्र, घोषणापत्र आणि केसपेपर यांच्या प्रती मागाव्यात, आणि हप्त्यांच्या परताव्याचा मुद्दा त्यातच स्वतंत्रपणे लिहावा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही, परंतु कंपनीच्या नकारापासून वर्षभरात जावे लागते. नाशिकच्या जिल्हा आयोगासाठी दोन वर्षे आहेत. डॉक्टरांच्या उलटतपासणीची गरज पडेल असे दिसते, म्हणून मी आयोगाचा मार्ग सुचवेन.

विमा प्रतिनिधी, नाशिक रोड : उलटतपासणीच्या नावाखाली दोन-तीन वर्षे जातील. लोकपालांकडे जा, असे माझे मत आहे.

सिडकोवासी : बहिणीचा मुलगा बारावीला आहे, त्यामुळे दोन-तीन वर्षे हा शब्द तिच्यासाठी साधा नाही. सोमवारी कंपनीच्या कार्यालयात प्रतींसाठी अर्ज देतो आणि पोच घेतो. त्या डॉक्टरांचे लेखी म्हणणे मिळते का, तेही पाहतो. चिठ्ठी मात्र आम्ही जोडणार.