मदत हवी आहे : ‘आंबा खाल्ला’ यात कर्ता क्रियापदात नाही, मग तो गाळता कसा येतो?

ओसरी

नमस्कार. मी भाषाविज्ञानाच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी प्रो-ड्रॉप भाषा, म्हणजे कर्ता न उच्चारताही वाक्य पूर्ण होऊ देणाऱ्या भाषा, हा विषय घेतला आणि आता माझ्याच उदाहरणांत अडकले आहे.

वर्गात जे कारण सांगितलं ते थोडक्यात असं. क्रियापदाच्या रूपातच पुरुष आणि वचन उमटत असेल, तर कर्ता वेगळा उच्चारायची गरज उरत नाही. इटालियनमध्ये पारलो, पारली, पारला, पारलिआमो, पारलाते, पारलानो अशी सहा कर्त्यांची सहा रूपं आहेत, म्हणून तिथे नुसतं ‘पारलो’ म्हटलं की ‘मी बोलतो’ एवढं पूर्ण होतं. इंग्रजीत रूपं झिजली, म्हणून ‘आय’ टाकता येत नाही. मराठी इटालियनसारखीच, असं म्हणून आम्ही पुढे गेलो.

भविष्यकाळात हे मला पटतं. जाईन, जाशील, जाईल, जाऊ, जाल, जातील. सहाच्या सहा वेगळी. पण वर्तमानकाळात मी जातो, तो जातो, आम्ही जातो. तरी दारात उभं राहून कुणी ‘येतो’ म्हटलं तर ‘कोण येतो?’ असं आपण विचारत नाही.

खरी अडचण भूतकाळात आहे. मी आंबा खाल्ला, तिने आंबा खाल्ला, आम्ही आंबा खाल्ला, त्यांनी आंबा खाल्ला. ‘खाल्ला’ आंब्याशी जुळलेलं आहे, पोळी असती तर ‘खाल्ली’ झालं असतं. कर्त्याचा त्यात मागमूस नाही. आणि तरीही आपण सहज म्हणतो, ‘बाबा पहाटे उठले. चहा केला. पेपर वाचला. मग आईला उठवलं.’ शेवटच्या वाक्यात तर भावे प्रयोग, म्हणजे क्रियापद कुणाशीच जुळत नाही. तिथेही ‘बाबांनी’ लागत नाही.

मग ती उपपत्ती चूक आहे, की मराठी त्या गटातली भाषाच नाही? गुरुवारी सादरीकरण आहे.

जुना_फळा

ओसरी, तुझं निरीक्षण चांगलं आहे, पण ‘मागमूस नाही’ हे मला मान्य नाही. मी शाळेत अनेक वर्षं मराठी शिकवलं. तू आंबा खाल्लास, तू पोळी खाल्लीस, तुम्ही आंबे खाल्लेत. यातला ‘ला, ली, ले’ हा भाग कर्माचा आणि शेवटचा ‘स’ किंवा ‘त’ कर्त्याचा. आपल्या व्याकरणात याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात. भावे प्रयोगातही तेच होतं, ‘तू आईला उठवलंस’. म्हणजे आपलं क्रियापद इटालियनपेक्षा गरीब नाही, उलट ते दोघांची नोंद ठेवतं.

राहिले ‘मी’ आणि ‘तो’. ‘तो’ला भूतकाळात ‘ने’ लागतो, ‘मी’ला लागत नाही. त्यावरून कोण ते कळतं. तेव्हा वर्गात सांगितलं ते बरोबरच आहे.

ओसरी

सर, ‘स’ माझ्या नजरेतून पूर्ण निसटला होता, मनापासून आभार. पण ‘ने’ तर त्या कर्त्यालाच लागतो ना? कर्ता गाळला की त्याच्याबरोबर ‘ने’ही जातो. उरतं ते फक्त ‘आंबा खाल्ला’.

जुना_फळा

हो, हे खरं. विचार करतो.

स्पॅनिशवाली

मी स्पॅनिश शिकवते, आणि हा माझा रोजचा प्रश्न आहे! मराठी विद्यार्थी प्रत्येक वाक्यात ‘यो, यो’ करतात. प्रत्येक वेळी ‘यो’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, ‘मी, दुसरं कुणी नाही’ असं ठासून सांगताय. मी त्यांना म्हणते, इंग्रजीतून येऊ नका, मराठीतून या. ‘काल मी बाजारात गेले, मी भाजी घेतली, मी घरी आले’ असं आपण बोलतो का? पहिला ‘मी’ पुरे. तेव्हा कर्ता कधी गाळायचा याचा नियम हवा असेल तर हाच: विरोध किंवा जोर दाखवायचा नसेल तर गाळा.

एक मात्र आहे. अपूर्ण भूतकाळात ‘आब्लाबा’ म्हणजे ‘मी बोलत असे’ आणि ‘तो बोलत असे’ दोन्ही. तिथेही स्पॅनिश लोक ‘यो’ टाकतातच. गोंधळ होईलसं वाटलं तरच ठेवतात.

तर्कटी

स्पॅनिशवालींनी ‘कधी गाळायचा’ ते सांगितलं. ओसरींचा प्रश्न ‘मुळात गाळता का येतो’ असा आहे. पण ‘आब्लाबा’ फार कामाचं आहे, ते लक्षात ठेवा.

क्रियापदाच्या रूपांशी याचा संबंध जोडणाऱ्या भाषावैज्ञानिकांत टाराल्डसेन यांचं नाव आधी येतं, 1970च्या दशकाच्या शेवटी. लगेच दिसलं की एका भाषेत एकदोन रूपं सारखी असली तरी इमारत कोसळत नाही, ‘आब्लाबा’ हे त्याचंच उदाहरण. उलट बाजूला जर्मन आहे. तिची रूपं इंग्रजीपेक्षा कितीतरी वेगवेगळी, तरी जर्मनमध्ये साध्या वाक्यातला ‘मी’ इटालियनसारखा गाळता येत नाही. म्हणून रिझी यांनी 1986 मध्ये एकाच प्रश्नाचे दोन केले. एक, रिकाम्या जागेला परवानगी कोण देतं. दोन, त्या जागेत कोण बसलंय हे कशावरून ओळखायचं. जर्मनमध्ये ‘आज नाच होणार’ अशा अर्थाच्या, नाचणारा न सांगणाऱ्या कर्मणी वाक्यात कर्त्याची जागा रिकामी चालते, कारण तिथे ओळखायचं कुणीच नसतं. परवानगी आहे, ओळख पटवायची सोय नाही. वर्गात तुम्हाला सांगितलं ते या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तेही एकच उत्तर.

आता तुमच्या ‘खाल्ला’कडे. याची जुळी भाषा पश्तो. तिथेही भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माशी जुळतं, अगदी आपल्यासारखं. जेम्स ह्वांग यांनी 1984 च्या लेखात दाखवलं की पश्तोत वर्तमानकाळी ‘मी सफरचंद खातो’ यातला ‘मी’ गाळता येतो, कारण क्रियापद ‘मी’शी जुळलंय. भूतकाळात मात्र उलटं होतं. ‘मी सफरचंद खाल्लं’ यातलं ‘सफरचंद’ गाळता येतं, ‘मी’ गाळता येत नाही. क्रियापद ज्याची खूण बाळगतं तोच गळतो. उपपत्तीचं भाकीत शब्दशः खरं ठरतं.

मराठी तसं वागत नाही. ‘आंबा खाल्ला’ बरोबर, आणि ‘आंबा कुठाय?’ला ‘मी खाल्ला’ हेही बरोबर. म्हणजे आपल्याकडे क्रियापदाची खूण ही अट नाही. याचा सर्वात सोपा पुरावा कर्त्यात नाही, कर्मात आहे. ‘चहा घेतोस?’ ‘घेतो.’ या ‘घेतो’त चहाची खूण नाही, तरी चहा गळाला. इटालियन माणसाला इथे चहाऐवजी ‘लो’ हा छोटा शब्द घालावाच लागतो. ह्वांग यांचा मूळ मुद्दा चिनीबद्दल होता. तिथे क्रियापदाला कुणाचीच खूण नाही, तरी कर्ता आणि कर्म दोन्ही गळतात, कारण ओळख क्रियापदाऐवजी चालू विषयावरून पटते. तुमच्या बाबांच्या चार वाक्यांत तेच होतंय. ‘बाबा’ विषय म्हणून एकदा बसले, पुढची वाक्यं त्यांच्या नावावर चालली.

जुना_फळा

मग ‘स’ नुसताच शोभेला आहे का?

तर्कटी

नाही, आणि तुम्ही तो काढलात हे फार बरं झालं. एक प्रयोग करून बघा. आधी काहीच बोलणं झालेलं नाही, कुणीतरी घरात येतं आणि पहिलंच वाक्य टाकतं:

‘काल साप मारला.’ ऐकणारा समजतो, बोलणाऱ्यानेच मारला.

‘काल साप मारलास?’ ऐकणाऱ्याने.

‘उद्या मुंबईला जाईल.’ ऐकणारा विचारतो, ‘कोण?’

पहिल्या वाक्यात क्रियापद ‘मी’ आणि ‘तो’ यांत फरक करत नाही, पण ‘तू’ असतास तर ‘स’ लागला असता, म्हणून ‘तू’ बाद होतोस. ‘तो’ बसायला आधी कुणाचा तरी विषय निघालेला हवा, तो निघालेला नाही. उरतो बोलणारा. म्हणजे ‘स’ एक दार बंद करतो, बाकीचं काम प्रसंग करतो. ‘येतो’चंही तसंच. इटालियनमध्येही रूपांचा असा जागोजागचा परिणाम दिसतो. त्यांच्या वर्तमानकाळी संभावनार्थी रूपात एकवचनाची तिन्ही रूपं एक होतात आणि नेमका तिथे ‘तू’ बोलून दाखवावा लागतो.

वऱ्हाडी_पाखरू

माफ करा, पण हा ‘स’ सगळ्या मराठीचा नाही. आमच्या अमरावतीकडे घरात ‘जेवला का?’, ‘आंबा खाल्ला का?’ असंच विचारतात. पुण्यात शिकायला आले तेव्हा मैत्रिणी विचारायच्या, ‘कोण जेवला का?’ मला फार लागायचं ते. आमच्या घरात कुणालाही कधी शंका येत नाही की प्रश्न कुणाला आहे. मग आमची मराठी प्रो-ड्रॉप नाही का?

तर्कटी

आहेच, आणि तुमचं उदाहरण माझ्या प्रयोगापेक्षा भारी आहे. ‘स’ नाही, तरी ‘तू’ गळतो. तुम्ही समोरच्याला प्रश्न विचारताय, एवढ्यावर ओळख पटते. ओसरी, सादरीकरणात ही दोन्ही बोलणी शेजारी ठेवा. खूण असलेली आणि नसलेली, भाषा एकच.

मात्र ब्राझीलची पोर्तुगीज विसरू नका, नाहीतर कुणी म्हणेल की खुणांचा काही संबंधच नाही. तिथे सर्वनामांची व्यवस्था बदलली, क्रियापदाची वेगळी रूपं कमी झाली, आणि 19व्या शतकापासूनच्या नाटकांमधले संवाद तपासले तर कर्ता गाळण्याचं प्रमाण उतरत गेलेलं दिसतं. पोर्तुगालमध्ये तसं झालं नाही. वऱ्हाडी आणि ब्राझीलची पोर्तुगीज यांना एकच नियम का लागू पडत नाही, याचं पूर्ण समाधान देणारं उत्तर माझ्याकडे नाही. माझा कल असा, की चालू विषयावरून कर्म गाळण्याची सोय ज्या भाषेत आधीपासून मोकळी आहे, तिला खुणा झिजल्याचा फटका कमी बसतो. पण ब्राझीलमध्येही कर्म गळतं, त्यामुळे हेही डळमळीत आहे.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. पश्तो आणि मराठी समोरासमोर ठेवायचं ठरवलं आहे.

एक शंका उरली. मी वाचलं की फिनिशमध्ये तृतीय पुरुषी कर्ता एरवी गळत नाही, पण पोटवाक्यात, वरच्या वाक्याचा कर्ता तोच असेल तर गळतो. म्हणून घरी आणि वसतिगृहात हे विचारलं: ‘रमेश फार विसराळू आहे. सुमन म्हणाली की किल्ली टेबलावर ठेवली.’ किल्ली कुणी ठेवली? आई आणि दोन मैत्रिणी म्हणाल्या, सुमनने. आजी आणि धाकटा भाऊ म्हणाले, रमेशने, त्याच्याबद्दलच तर चाललंय.

तर्कटी

‘म्हणाली की’ घेऊ नका. मराठीत ‘की’नंतर दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे येऊ शकतात, ‘सुमन म्हणाली की येईन’ यात येणारी सुमनच असते. त्यामुळे लोक सुमनचे शब्द ऐकतायत की तुमचे, हे कळत नाही. ‘सुमनला वाटतं की’ करून पुन्हा विचारा. आजींना आधी विचारा.

ओसरी

विचारलं. आजी अजूनही रमेशवर ठाम आहे, भाऊ सुमनकडे गेला, आणि आई म्हणते दोन्ही चालेल. गुरुवारपर्यंत आणखी दहाजणांना विचारते. इथल्या कुणाला काय वाटतं तेही कृपया लिहा, आणि सोबत घरची बोली कुठली तेही.

वऱ्हाडी_पाखरू

रमेश. अमरावती.

जुना_फळा

सुमन. सातारा. पण ‘रमेश’ म्हणणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही.