मदत हवी आहे : पुस्तिकेतल्या ओळींमधलं आणि परिच्छेदांमधलं अंतर

आजीच्या आठवणींची ए-५ आकाराची पुस्तिका लिबर ऑफिस रायटरमध्ये लावतेय. टंक मुक्ता, आकार १२ पॉइंट. घरातले वाचक बहुतेक साठीपुढचे आहेत, त्यामुळे वाचताना डोळ्यांना त्रास होऊ नये एवढंच बघायचं आहे.

आधी ओळींचं अंतर दीडपट ठेवलं, तर मजकूर फारच विखुरला. नंतर कळलं की हे माप टंकाच्या स्वतःच्या उंचीवर मोजतात, आणि मुक्ताची एकेरी ओळच २० पॉइंटांच्या आसपास भरते. म्हणजे दीडपट केल्यावर ३० झाले! मग `Fixed` निवडून १७ दिले. आता 'कर्तृत्व'मधल्या ऋकाराला खालच्या ओळीतली वेलांटी आणि रफार जवळजवळ टेकतात. १९ला छापून पाहिलं तर मोकळं वाटतं, पण आठ पानं वाढतात. १८ पुरतील का? की आकार ११.५ करून १८ ठेवू?

दुसरी अडचण परिच्छेदांची. प्रत्येकानंतर ६ पॉइंट सोडले, तर पानाच्या दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींच्या पाठीवर येत नाहीत आणि ७० जीएसएमच्या कागदातून मागची अक्षरं दोन ओळींच्या मधे दिसतात. पूर्ण ओळ सोडली तर हे टळतं, पण आजीच्या गोष्टींत संवाद खूप, त्यामुळे पान तुटक दिसतं. म्हणून जागा न सोडता पहिली ओळ ५ मिमी आत घ्यावी असं वाटतंय. वयस्कर वाचकांना तेवढ्यावरून नवा परिच्छेद सहज कळतो का? कुणी छापून पाहिलं असेल तर मापं सांगा.