चेन्नईचा घरमालक ॲडव्हान्स अडवून बसलाय, तमिळमध्ये मेल लिहून हवा आहे (तातडीचे)

भटक्या_कोथरूडकर
चेन्नईचं घर सोडून पुण्याला परत आलोय. मालक ॲडव्हान्स परत करत नाहीये, दुरुस्तीचं कारण सांगतो. फोनवर त्याचं इंग्रजी आणि माझं तमिळ दोन्ही पाच मिनिटांत संपतं. आता म्हणतो, मुलगा बघेल, तमिळमध्ये मेल टाका. कुणी मेल लिहून देईल का? नम्र हवा, पण पैसे मागतोय हे स्पष्ट कळलं पाहिजे. लवकर सांगा.

सुलभाताई
किती ॲडव्हान्स होता? घर कधी सोडलं? दुरुस्ती कसली? काही तर सांगा हो.

नाना_दादरकर
दुरुस्ती मालकानेच करायची असते. त्याला लिहा की प्लंबर पाठवा, नाहीतर पुढचं भाडं देणार नाही.

भटक्या_कोथरूडकर
नाना, घर सोडलंय. भाडं कसलं अडवू?
भाडं 18,000, वेळाचेरीत. ॲडव्हान्स दहा महिन्यांचा, म्हणजे 1,80,000. 31 मे रोजी चावी दिली. तो पेंटिंगचे 18,000 आणि बाथरूमच्या दुरुस्तीचे 45,000 कापतो म्हणतो. इतकं पुरे ना?

बेंगळुरूवाला
दहा महिने?! चेन्नईचा नेहमीचाच प्रकार. बेंगळुरूत माझेही असेच अडकले होते. मी सरळ शेवटच्या दोन महिन्यांचं भाडंच दिलं नाही. हाच एक उपाय, बाकी सगळी पत्रं वाया.

सुलभाताई
तो उपाय घर सोडण्याआधीचा. त्याने सोडलंय.

वकिली_किडा
तामिळनाडूत 2017 चा भाडेकायदा आहे, फेब्रुवारी 2019 पासून लागू. त्यात तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेणं बेकायदेशीर. मेलमध्ये हेच पहिलं वाक्य टाका, मालक गार पडेल.

तंजावरकर_मीरा
आम्ही तंजावरचे मराठी, घरी मराठी, बाहेर तमिळ. त्यामुळे मेल मी लिहून देईन. पण आधी दोन गोष्टी.

वकिली_किडा, तीन महिन्यांची मर्यादा आहे, पण दोघांनी करारात वेगळं ठरवलं नसेल तर. चेन्नईत करारातच दहा महिने लिहिलेले असतात. शिवाय यांना सात महिन्यांचा जास्तीचा ॲडव्हान्स नकोय, सगळाच परत हवाय. त्याच कायद्यात कामाची गोष्ट दुसरी आहे: घर सोडल्यापासून एका महिन्यात, भाडेकरूच्या अंगावरचं वजा करून, रक्कम परत करायची. म्हणजे 30 जून.

आता कोथरूडकर, मला सांगा: बाथरूममध्ये नेमकं काय झालं, ते मालकाला केव्हा कळवलं, करारात पेंटिंगबद्दल काय लिहिलंय, आणि करार नोंदवला होता का?

भटक्या_कोथरूडकर
बाथरूमच्या भिंतीतला पाइप गळत होता. पलीकडे हॉलच्या भिंतीला ओल आली, रंगाचे पोपडे सुटले, खाली सॉकेटच्या पातळीपर्यंत पिवळा डाग उतरला. ऑक्टोबरमध्येच फोटोसकट व्हॉट्सॲप केलं होतं. त्याने अंगठ्याचा इमोजी टाकला आणि विषय संपला. करारात पेंटिंगचं एक महिन्याचं भाडं लिहिलंय. स्टँपपेपरवर सही केली, नोंदणी वगैरे काही नाही. आणि हो, किचनचा एक नळ आणि दोन स्विच माझ्या वेळी खराब झाले, ते 900 चं काम मालकाने केलंय. शेवटचं ईबी बिल, म्हणजे विजेचं, 1,640 माझ्याकडे बाकी आहे.

तंजावरकर_मीरा
हे सगळं पहिल्याच वेळी सांगितलं असतं तर मेल आतापर्यंत गेला असता. 🙂

कायद्याला जोडलेल्या यादीत भिंतीतले पाइप आणि वायरिंग मालकाकडे आहेत. नळ, स्विच, सॉकेट भाडेकरूकडे. त्यामुळे नळ-स्विचचे 900 आपणहून कबूल करा. आपल्या बाजूचं आपण धरलं की पाइपचे 45,000 नाकारताना बळ येतं. हिशोब असा: 1,80,000 मधून पेंटिंग 18,000, ईबी 1,640, नळ-स्विच 900 गेले. राहिले 1,59,460. मेलमध्ये हा आकडा पाहिजेच. "माझे पैसे द्या" म्हटलं की मालक गप्प बसतो. आकडा दिला की त्याला "यातलं हे चूक आहे" असं तरी म्हणावं लागतं.

तुम्हाला वाचून कळावं म्हणून देवनागरीत देते. तमिळ लिपीतला मजकूर व्यनि करते, तोच चिकटवा.

> विषय: वीट्टु अॅड्वान्स तिरुप्पित् तरुवदु तोडर्बाग
>
> मदिप्पिर्कुरिय ऐया, वणक्कम्.
>
> नान् मे 31 अन्ऱु वीट्टैक् कालि सेय्दु सावियै ओप्पडैत्तेन्. कुळियलऱैच् चुवरिल् नीर्क्कसिवु इरुप्पदै अक्टोबर् मादमे पडत्तुडन् वाट्सॅपिल् तेरिवित्तिरुन्देन्. सुवरुक्कुळ् इरुक्कुम् कुळाय्प् पळुदु एन्नाल् एऱ्पट्टदु अल्ल. एनवे अदन् सेलवै अॅड्वान्सिलिरुन्दु कळिक्क वेण्डाम् एन्ऱु केट्टुक्कोळ्गिऱेन्.
>
> पेयिंटिंग् 18,000, ईबी बिल् 1,640, कुळाय् मट्रुम् स्विच् 900 पोग, मीदि रू. 1,59,460-ऐ जून 30-क्कुळ् एन् वंगिक् कणक्किल् सेलुत्तुमाऱु केट्टुक्कोळ्गिऱेन्.
>
> वेऱु पिडित्तम् इरुन्दाल्, अदन् बिल्लै अनुप्पवुम्.
>
> नन्ऱि.

सारांश: घर रिकामं केलं, चावी दिली. गळती ऑक्टोबरातच फोटोसह कळवली. भिंतीतला पाइप माझ्यामुळे बिघडलेला नाही, तो खर्च कापू नये अशी विनंती. बाकी रक्कम 30 जूनपर्यंत खात्यावर टाकावी, आणि आणखी काही कापायचं असेल तर बिल पाठवावं.

"केट्टुक्कोळ्गिऱेन्" वर संपणारी वाक्यं तशीच ठेवा. त्या जागी "वेण्डुम्" टाकलं तर हुकूम सोडल्यासारखं होतं. माणूस वयस्क आहे ना? मग "ऐया" ला पर्याय नाही. ऑक्टोबरचे फोटो मेललाच जोडा, मुलाने तुमचं व्हॉट्सॲप पाहिलेलं नसणार.

वकिली_किडा
इतकं गोड? कायद्याचं नावच नाही! निदान रेंट ऑथॉरिटीकडे जाईन असं तरी लिहा.

तंजावरकर_मीरा
पहिल्या मेलमध्ये नाही. मुदत अजून संपलेली नाही, आणि यांचा करार tenancy.tn.gov.in वर नोंदवलेला नाही. नोंदणी नसली की रेंट ऑथॉरिटीपुढे अडचण येते, आणि मुलाने कुणाला विचारलं तर हे पहिल्या दिवशी उघडं पडेल. 30 जून उलटला तर दुसरा मेल वेगळा लिहू.

सुलभाताई
पेंटिंगचे 18,000 पण का सोडायचे? चुना-रंगाचं काम त्या यादीत मालकाकडेच आहे असं मी वाचलंय.

तंजावरकर_मीरा
यादीत तसंच आहे, ताई. पण यांनी करारात सही केलीय, आणि एक महिन्याचं पेंटिंग चेन्नईत सगळेच कापतात. भांडायचं तर भांडता येईल. मी पाइपवरच जोर दिला असता.

सुलभाताई
मी दोन्ही मागितले असते. मागताना कमी का मागायचं?

मोडीवेडा
मीराताई, अवांतर. सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद बाहेरच्या माणसाला बघायला मिळतात का?

तंजावरकर_मीरा
वेगळा धागा काढा, तिथे सांगते.

नाना_दादरकर
मी तर म्हणतो त्याला मराठीतच मेल टाका. त्यालाही कळू दे कसं वाटतं ते.

भटक्या_कोथरूडकर
नाना 🙏
मेल टाकला. संध्याकाळी मुलाचं इंग्रजीत उत्तर आलं: नळ-स्विच आणि ईबी मान्य, पेंटिंग ठरल्याप्रमाणे, पाइपचं बिल सोबत जोडलंय. बिल म्हणजे वहीच्या पानावर पेनने लिहिलंय, "बाथरूम वर्क 45,000", खाली सही. ना तारीख, ना प्लंबरचा नंबर, ना टाइल्स किती, पाइप किती. आता?

तंजावरकर_मीरा
आता त्याला त्याच मेलवर तीन ओळींचं उत्तर: काम कुठल्या तारखेला झालं, पाइपचे किती आणि टाइल्सचे किती, आणि भिंत फोडल्यावरचा फोटो. रकमेवर अजून वाद घालू नका. तमिळमध्ये रात्री देते.

बेंगळुरूवाला
मी आधीच सांगितलं होतं, भाडं द्यायचंच नव्हतं.