मदत हवी आहे: चालढकलीच्या सर्वेक्षणाचा अल्फा फक्त ०.३१ येतोय

उद्याबघू: टीवायबीए, मानसशास्त्र. प्रोजेक्टसाठी क्लॅरी ले या संशोधकाची १९८६ची २० विधानांची चालढकल मापनी मराठीत करून फॉर्म फिरवला, सोबत रोजच्या अभ्यासाचे तास विचारले. नावं घेतली नाहीत. ६४ उत्तरं आली, पण अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, फक्त ०.३१! शुक्रवारी मॅडमना दाखवायचंय. (हो, चालढकलीवरचा प्रोजेक्टही शेवटच्या आठवड्यातच.)

कोकणकडा: ज्या विधानांमुळे अल्फा घसरतो ती काढत जा. आम्ही तसंच केलं होतं.

आकडेमोड_ताई: थांब, काही काढू नकोस. त्या मापनीतली निम्मी विधानं उलटी आहेत. ‘उद्या करू असं मी सारखं म्हणतो’ याला चालढकल करणारा ५ देईल, पण ‘काम मिळालं की लगेच सुरू करतो’ याला १ किंवा २. दोन्ही तशीच बेरजेत घेतलीस तर एकमेकांना खाऊन टाकतात. प्रत्येक उलट्या विधानासाठी शेजारी नवा रकाना करून त्यात हे घाल, D च्या जागी त्या विधानाचा रकाना, आणि बेरजेत जुन्याऐवजी नवा रकाना घे:

```
=6-D2
```

म्हणजे २ चे ४ होतील. मग अल्फा काढ. उलटं करण्याआधी एक बघून ठेव: कुणी वीसही विधानांना ५ दिलेत का? तसं असेल तर त्यानं न वाचताच टिचक्या मारल्यात.

दोन_मुलांची_आई: माझा मुलगा बारावीत आहे, रात्री अकराशिवाय पुस्तक उघडत नाही. हा फॉर्म भरून त्याला काही विकार आहे का ते कळेल का?

आकडेमोड_ताई: नाही हो. यातून गटाचा कल दिसतो, कुणा एकाचं निदान होत नाही. काळजी वाटत असेल तर समुपदेशकाशीच बोला. उद्याबघू, तूही अहवालात ‘१४ जण चालढकलखोर’ असं लिहू नकोस. सरासरी दे, आणि अभ्यासाच्या तासांशी सहसंबंध दे.

उद्याबघू: ०.७४ आला!! पाच-पाचवाले दोघं सापडले. पण १२वं विधान अजूनही बाकीच्यांच्या उलट जातंय. मी ते ‘वेळेवर काम करत नाही असं माझं होत नाही’ असं लिहिलं होतं.

कोकणकडा: मलाच दोनदा वाचावं लागलं. आता तरी काढ.

आकडेमोड_ताई: दोन ‘नाही’ एकत्र आले की बरेच लोक चुकीचं बटण दाबतात. काढलंस तर १९ विधानांची बेरीज मूळ मापनी वापरलेल्या अभ्यासांशी थेट ताडता येणार नाही. मी दोन्ही निकाल दिले असते, पण तुझ्या मॅडमना विचार.

उद्याबघू: विचारते. आणखी एक. मैत्रीण तिचा स्कोअर मागतेय. नाव नाही, पण तिनं माझ्यासमोरच भरला होता, वेळेच्या रकान्यावरून ओळ सापडेल.

आकडेमोड_ताई: सापडेल, म्हणूनच तो रकाना आज उडव. वर्ग आणि वसतिगृह दोन्ही विचारलंयस का? मुलं कमी असतील तर त्यावरूनही माणूस ओळखू येतो.

उद्याबघू: दोन्ही विचारलंय. वसतिगृहात आमच्या वर्गाच्या तिघीच आहेत.