रिडन्डन्सी, इनकन्सिस्टन्सी आणि आयसोलेशन

> रिडन्डन्सी आणि इनकन्सिस्टन्सी एकच ना? आणि डेटा आयसोलेशन परीक्षेत कसं लिहू?

एकच नाही, एकातून दुसरं होतं. रिडन्डन्सी म्हणजे तीच माहिती अनेक ठिकाणी असणं, इनकन्सिस्टन्सी म्हणजे त्या प्रती एकमेकींशी न जुळणं. उदाहरण देतो. कॉलेजचं ऑफिस, लायब्ररी आणि हॉस्टेल तिघांची आपापली फाइल, आणि रोल नंबर २७ चा पत्ता तिन्हीकडे लिहिलेला, ही झाली रिडन्डन्सी, जागा जास्त जाते पण तिन्ही पत्ते सारखे आहेत तोवर माहिती चूक नाही. आता तो नाशिकहून पुण्याला राहायला गेला, ऑफिसने पत्ता बदलला, बाकी दोघांना कोणी कळवलंच नाही, म्हणजे लायब्ररीची नोटीस अजून नाशिकला जाणार. ही इनकन्सिस्टन्सी.

आयसोलेशन वेगळं आहे, डेटा वेगवेगळ्या फाइलींत, वेगवेगळ्या फॉरमॅटमध्ये विखुरलेला असतो. समजा सरांनी विचारलं, हॉस्टेलमधल्या कोणाकडे लायब्ररीची पुस्तकं थकलीत? डेटा आहे, पण एक फाइल कॉमावाली, दुसरी ठरलेल्या रुंदीच्या कॉलमची, त्यामुळे दोन्ही वाचणारा नवीन प्रोग्राम लिहावा लागतो. (ट्रान्झॅक्शनच्या ॲसिड गुणधर्मांमधलं आयसोलेशन हे नव्हे, तिथे बरेच जण मार्क घालवतात.)

डीबीएमएसमध्ये, म्हणजे सगळा डेटा एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पत्ता एकाच टेबलात, बाकी टेबलांत फक्त रोल नंबर, आणि सरांच्या प्रश्नाचं उत्तर टेबलं जोडणाऱ्या एका जॉइनमध्ये मिळतं. पण ‘रिडन्डन्सी पूर्ण जाते’ असं लिहू नका, रोल नंबर अजून तीनदा आहेच, म्हणून ‘नियंत्रणात राहते’ लिहा. आणि टेबलंच वाईट डिझाइन केली तर डीबीएमएसमध्येही पत्ता तीनदा येतो.